चालणाऱ्याची पावलं, बसलेल्याची तक्रार

ऑफिसातल्या जमिनीबद्दलची तक्रार बहुधा बसलेला माणूस करतो, चालणारा कधीच करत नाही. कोणीतरी कॉफी घेऊन मागच्या वाटेनं निघून जातं, टेबलावरचा मॉनिटर हलकेच डोलतो, खुर्चीतून एक लहर वर येते आणि कामावरचं लक्ष उडतं. दोनचारदा असं झालं की पहिली शंका येते ती इमारतीच्या मजबुतीची. मग व्यवस्थापक स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावतात आणि काही दिवसांनी चारपाच पानांचं एक टिपण त्यांच्या हाती पडतं. त्यात टक्केवाऱ्या असतात, हर्ट्झ असतात आणि शेवटी ‘स्वीकारार्ह’ किंवा ‘अस्वीकारार्ह’ असा एक शब्द असतो. या शब्दापर्यंत इंजिनीअर कसा पोचतो, आणि त्यातला कुठला आकडा मोजलेला असतो नि कुठला गृहीत धरलेला, हे टिपण वाचणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही.

आधी मजबुतीचा मुद्दा बाजूला काढू. ज्या हालचालीनं माणूस वैतागतो ती मिलिमीटरच्या तिसाव्या भागाइतकी असू शकते. एवढ्याशा हालचालीनं तुळयांवर येणारा ताण नगण्य असतो. स्लॅब कोसळण्याशी या कंपनाचा संबंध नाही. हा प्रश्न सोयीचा, स्वस्थतेचा आहे. म्हणूनच तो अवघड आहे, कारण पोलादाची ताकद प्रयोगशाळेत मोजता येते, माणसाची सहनशक्ती तशी मोजता येत नाही.

एक नमुना घेऊन हिशेब करू. पुण्यात किंवा नवी मुंबईत आयटी कंपनीसाठी बांधतात तसा पोलादी सांगाड्याचा मजला समजा. खांब ९ मीटरवर. दर ३ मीटरला आयएसएमबी ४०० ची दुय्यम तुळई, तिला पेलणारा आयएसएमबी ६०० चा गर्डर आणि वर पत्र्याच्या डेकवर ओतलेला १३० मिलिमीटरचा काँक्रीट स्लॅब, तुळयांशी शिअर स्टडनी जोडलेला. अशा मजल्याची बांधणी झपाट्यानं होते, खांब कमी लागतात, मोकळी जागा भरपूर मिळते. आणि तो हलका असतो. आपल्याकडच्या जुन्या, आखूड गाळ्यांच्या आरसीसी इमारतींत ही तक्रार फारशी ऐकू येत नसे, त्याचं कारण हेच. तिथे स्लॅब जड, तुळया जवळजवळ आणि दर खोलीला विटांची भिंत.

आता चालणाऱ्या माणसाकडे येऊ. ऑफिसात माणूस सेकंदाला साधारण १.६ ते २.२ पावलं टाकतो, म्हणजे मिनिटाला शंभर-सव्वाशे. या वेगाला चालण्याची वारंवारिता म्हणतात. दर पावलाला त्याचं वजन जमिनीवर कमीजास्त होतं; सत्तर किलोच्या माणसाचं वजन सुमारे ७०० न्यूटन धरलं, तर त्याच्या जवळजवळ निम्म्याइतका चढउतार सेकंदाला दोनदा होतो. मजल्याची स्वतःची नैसर्गिक वारंवारिता मात्र दोन हर्ट्झ नसते. ती चार, पाच, सात अशी असते. मग पावलांनी तो थरथरावा का?

याचं कारण पावलाच्या आकारात आहे. पाऊल जमिनीवर गुळगुळीत लाटेसारखं येत नाही. टाच टेकते, वजन सरकतं, बोटांनी रेटा दिला जातो. असा खडबडीत पण पुन्हापुन्हा येणारा जोर गणितानं उकलला तर त्यात मूळ वेगाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे लहान जोरही दडलेले सापडतात. मूळ जोर वजनाच्या सुमारे ५० टक्के, दुप्पट वेगाचा २० टक्के, तिप्पट वेगाचा १० टक्के, चौपट वेगाचा ५ टक्के. झोपाळ्याला दर तिसऱ्या हेलकाव्याला एकदाच धक्का दिला, पण नेमक्या वेळी दिला, तरी झोपाळा वाढतच जातो. मजल्याच्या बाबतीत तेच होतं. मजला सेकंदाला ५.३ वेळा हेलकावे घेणारा असेल आणि माणूस सेकंदाला १.७७ पावलं टाकत असेल, तर दर तिसऱ्या हेलकाव्याला पाऊल बरोबर जागेवर पडतं. हाच अनुनाद. मिनिटाला १०६ पावलं ही कुणाची खास चाल नव्हे, जेवणानंतर जागेवर परतणाऱ्या माणसाची ती साधी चाल आहे.

मजला किती वेळा हेलकावे घेईल, हे काढायची एक सोपी युक्ती आहे आणि ती मला फार आवडते, कारण तिला संगणक लागत नाही. रोजच्या वजनाखाली मजला मध्यभागी किती मिलिमीटर वाकतो ते काढायचं, त्याचं वर्गमूळ घ्यायचं आणि १८ ला त्यानं भागायचं. आपल्या मजल्यावर दर चौरस मीटरला स्लॅब, तुळया, छत, वाहिन्या, टेबलं, माणसं असं सगळं मिळून ३.७५ किलोन्यूटन वजन धरलं. त्याखाली तुळईचा बाक ६ मिलिमीटर येतो, गर्डरचा ५.३. दोन्ही एकत्र हलतात, म्हणून बेरीज ११.३. तिचं वर्गमूळ ३.३६ आणि उत्तर ५.३ हर्ट्झ. या हिशेबात काँक्रीटचा ताठपणा नेहमीपेक्षा ३५ टक्के जास्त धरतात, कारण इतक्या बारीक आणि झटपट हालचालीत काँक्रीट जास्त ताठ वागतं.

इथेच टिपणांतली एक नेहमीची चूक दिसते. मजबुतीच्या हिशेबात ऑफिसचा मजला दर चौरस मीटरला अडीच ते चार किलोन्यूटन चलभार पेलेल असा धरतात. सवयीनं तोच आकडा कंपनाच्या हिशेबातही उतरतो. प्रत्यक्षात लॅपटॉपवर चालणाऱ्या ऑफिसात माणसं आणि सामान मिळून ०.४ किलोन्यूटनच्या आसपासच भरतात. जास्त वजन धरलं की मजला कागदावर जड आणि संथ होतो, वारंवारिता चुकते आणि उत्तराचा खऱ्या मजल्याशी संबंध राहत नाही. मजबुतीसाठी जास्त भार धरणं ही सावधगिरी असते, इथे ती निव्वळ चूक ठरते.

आता मुख्य हिशेब. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ स्टील कन्स्ट्रक्शनचं ‘डिझाइन गाइड ११’ पहिल्यांदा १९९७ साली आलं, सुधारून २०१६ साली. पोलादी मजल्यांसाठी जगभर त्यातलं हे सूत्र वापरतात:

```
a/g = 0.29 × e^(−0.35 f) / (β × W)
```

डावीकडे मजल्याच्या हालचालीचं त्वरण आहे, गुरुत्व त्वरणाच्या प्रमाणात. f म्हणजे मजल्याची वारंवारिता, W म्हणजे हेलकाव्यात सामील होणारं वजन किलोन्यूटनमध्ये आणि β म्हणजे डॅम्पिंग. ०.२९ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. सत्तर किलोच्या माणसाचं ०.७ किलोन्यूटन वजन, त्याला ०.८३ नं गुणलेलं आणि मग निम्मं केलेलं. ०.८३ आणि मागचा घातांक मिळून वर सांगितलेल्या ५०, २०, १०, ५ टक्क्यांच्या पायऱ्यांवरून एक सलग उतरती रेघ ओढतात. निम्मं करण्याचं कारण व्यवहारी आहे. चालणारा माणूस मजल्याच्या मध्यावर उभा राहून पावलं आपटत नाही, तो निघून जातो, त्यामुळे हेलकावा पूर्ण भरत नाही. आणि तक्रार करणाराही नेमका मध्यावरच बसलेला नसतो.

आपल्या मजल्यात ५.३ हर्ट्झला वरचा भाग ४५ न्यूटन येतो, म्हणजे साडेचार किलोच्या वजनाइतका जोर. सामील होणारं वजन W काढायला स्लॅब, तुळया आणि गर्डर यांच्या ताठपणाचं गुणोत्तर लागतं. ते इथे सांगत बसत नाही. शेजारचे गाळेही थोडे सोबत ओढले जातात आणि एकूण ४९० किलोन्यूटन, म्हणजे जवळपास ५० टन भरतात. साडेचार किलोचा जोर आणि पन्नास टनांचा मजला. भागाकार ०.००९३ टक्के. एवढ्यावर कोणाच्या मॉनिटरची सावलीही हलायची नाही. मात्र अजून β नं भागायचं राहिलं आहे, आणि β हा फार लहान आकडा आहे.

डॅम्पिंग म्हणजे हेलकाव्यातली शक्ती दर फेरीला किती गळते त्याचं माप. पोलाद आणि काँक्रीट यांच्या नुसत्या सांगाड्यात ती फारच थोडी गळते, सुमारे १ टक्का. बाकीची गळती सामानातून होते: फॉल्स सीलिंगच्या तारा आणि चौकटी, एसीचे डक्ट, कपाटं, फायली, पार्टिशन. घासत, खुळखुळत, किंचित सरकत या वस्तू शक्ती खातात. २०१६च्या गाइडमध्ये त्याची सरळ बेरीज दिली आहे. सांगाड्याला १ टक्का. छत आणि डक्ट असतील तर आणखी १. कागदपत्रांनी भरलेलं ऑफिस असेल तर आणखी १, संगणकांवर चालणारं असेल तर फक्त अर्धा. मजल्यापासून वरच्या स्लॅबपर्यंत जाणाऱ्या पार्टिशन भिंती असतील तर २ ते ५ टक्के वेगळे.

आपल्या आयटी ऑफिसला छत आहे, डक्ट आहेत, कागद नाहीत. १ अधिक १ अधिक अर्धा, म्हणजे २.५ टक्के. ०.००९३ ला ०.०२५ नं भागलं की ०.३७ टक्के. मर्यादा ०.५ टक्के. मजला पास. सुरुवातीला सांगितलेला मिलिमीटरचा तिसावा भाग तो हाच, ०.३७ टक्के त्वरणाला ५.३ हर्ट्झवर होणारी हालचाल.

आता समजा इंटिरिअर डिझायनरनं फॉल्स सीलिंग काढून टाकलं. हल्ली वरचा स्लॅब, पाइप, केबल ट्रे उघडे ठेवून काळा रंग मारायची फॅशन आहे. दिसायला ते छान दिसतं, छताची उंची वाढते. डक्टही जेमतेम असतील तर छताचा टक्का गेला, उरले दीड. त्याच मजल्याचं उत्तर ०.६२ टक्के येतं. नापास. तुळई तीच, स्लॅब तोच, एक बोल्टही हललेला नाही. मधला कुठला तरी आकडा, म्हणजे २ टक्के, धरला तर ०.४६, काठावर पास. म्हणजे ‘स्वीकारार्ह’ हा शब्द अर्ध्या टक्क्याच्या गृहीतकावर उभा आहे, आणि ते गृहीतक पूर्ण करणारा माणूस इंजिनीअर नाही, इंटिरिअरवाला आहे. माझ्या मते टिपणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य निकालाचं नसून ‘छत आणि डक्ट राहतील असे धरले आहे’ हे असायला हवं, तेही पहिल्या पानावर ठळक अक्षरात. बहुतेक टिपणांत ते परिशिष्टात असतं किंवा नसतंच.

डॅम्पिंगच्या आकड्यांबाबत एक जुना सापळाही आहे. जुन्या पुस्तकांत मोकळ्या मजल्याला ३ टक्के, सजवलेल्याला ६ आणि पार्टिशन असलेल्याला १२ असे भरघोस आकडे सापडतात. ते खोटे नाहीत. ते टाचेच्या चाचणीतून आले आहेत: माणूस मजल्याच्या मध्यावर चवड्यांवर उभा राहतो आणि एकदम टाचांवर आदळतो, मग हेलकावा किती लवकर विरतो ते मोजतात. त्या विरण्यात खरी गळती तर असतेच, शिवाय धक्क्याची शक्ती आजूबाजूच्या गाळ्यांत पसरून जाते, तीही गळतीच भासते. वरच्या सूत्रात फक्त खरी गळती चालते. ती चाचणीतल्या आकड्याच्या निम्मी ते दोन-तृतीयांश असते. जुन्या पुस्तकातले ६ टक्के नव्या सूत्रात बसवले की कोणताही मजला पास होतो. टिपण हाती आलं आणि मोकळ्या ऑफिसला ५-६ टक्के डॅम्पिंग दिसलं, तर तिथेच थांबून विचारावं.

राहिली ती मर्यादा. अर्धा टक्का कुठून आला? १९३१ साली जर्मनीत राइहर आणि मायस्टर यांनी माणसांना हलत्या मंचावर उभं करून कुठली हालचाल जाणवते, कुठली त्रास देते याची मोजपट्टी बनवली. पण त्यांचं कंपन एकसारखं चालू राहणारं होतं. १९६६ साली अमेरिकेत केनेथ लेन्झेन यांनी प्रत्यक्ष मजल्यांवर पाहिलं की पावलानं उठून विरून जाणारं कंपन माणूस कितीतरी जास्त सहन करतो, आणि ती मोजपट्टी त्यांनी दहा पटींनी सैल केली. तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली: माणसाला हालचालीच्या आकाराइतकाच ती किती रेंगाळते याचा त्रास होतो. २.५ टक्के डॅम्पिंगला आपल्या मजल्याचा हेलकावा साधारण साडेचार फेऱ्यांत, सेकंदाच्या आतच निम्मा होतो. दीड टक्क्याला त्याला जवळपास दीड सेकंद लागतो, आणि तेवढ्यात पुढची दोन पावलं पडलेली असतात.

उभ्या दिशेच्या कंपनाला माणूस ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत संवेदनशील असतो, आणि दुर्दैवानं लांब गाळ्यांचे मजले नेमके तिथेच येतात. या पट्ट्यात शांत बसून काम करणाऱ्यासाठी गुरुत्व त्वरणाचा अर्धा टक्का ही मर्यादा आहे. मॉलमध्ये तीच दीड टक्का, उघड्यावरच्या पादचारी पुलावर पाच. शरीर तेच असतं, पण पुलावरचा माणूस स्वतः चालतो आहे, हालचाल त्याला अपेक्षित आहे. ब्रिटिश पद्धतीत हीच गोष्ट ‘रिस्पॉन्स फॅक्टर’नं सांगतात. जेमतेम जाणवणारी पातळी १ धरायची, ऑफिसला तिच्या ८ पट चालते, शस्त्रक्रियागृहात १ च. आकडे बदलून पाहिले तर ८ म्हणजे अर्ध्या टक्क्यापेक्षा किंचित जास्त, ०.५८. दोन देशांच्या दोन वाटा जवळजवळ एकाच जागी पोचतात, याचा मला थोडा दिलासा वाटतो. आपल्या आयएस ८०० : २००७ या पोलाद संहितेतही मजल्याच्या कंपनावर एक परिशिष्ट आहे आणि नेहमीच्या वापराच्या मजल्याची वारंवारिता ५ हर्ट्झच्या खाली नसावी असं ते सांगतं. तो पहिला गाळणा म्हणून ठीक आहे. पण आपला मजला ५.३ वर आहे, त्या गाळण्यातून तो छतासह आणि छताविना दोन्ही वेळा निघतो. नुसत्या हर्ट्झवर निकाल देणाऱ्या टिपणावर म्हणूनच माझा भरवसा नाही.

अर्धा टक्का ही काही सीमारेषा नव्हे. ०.४५ ला खूश असलेले आणि ०.३ ला वैतागलेले लोक असतात. शांत कोपऱ्यात एकटा बसणारा, लवचिक हातावर मॉनिटर टांगलेला, शेजारून लांब सरळ वाट जाणारी, अशी जागा असेल तर तक्रार लवकर येते. एट्रियमच्या कडेला तर हमखास. तिथे एका बाजूला शेजारचा गाळाच नसतो, त्यामुळे तुळईसोबत हलणारं वजन जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून कडेची तुळई आतल्या तुळईपेक्षा दीडपट ताठ करावी अशी शिफारस असते. टिपणात मधला गाळा तपासून सगळ्या मजल्याला प्रमाणपत्र दिलं असेल, तर कडेचा गाळा तपासला का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

इमारत उभी असेल तर अंदाजावर विसंबायची गरज नाही. तक्रार आलेल्या गाळ्याच्या मध्यावर त्वरणमापक ठेवतात, टाचेच्या आघातानं वारंवारिता मोजतात, मग तिला दोननं, तीननं भागून जी चाल येते त्या तालावर मेट्रोनोम लावून एका माणसाला वाटेवरून चालवतात. आपल्या मजल्यावर तो मेट्रोनोम १०६ वर असेल. त्याआधी एक साधी खात्री करून घ्यावी. ऑफिसात वायरिंगसाठी फॉल्स फ्लोअर असेल तर त्याचा एखादा पत्रा पायावर नीट बसलेला नसतो, पाऊल पडताच खडखडतो आणि दोष स्लॅबवर जातो. तो पत्रा बसवला की निम्म्या तक्रारी आवाजाच्या होत्या असं कळतं.

मजला खरोखरच नापास निघाला तर तुळईला खालून पोलाद वेल्ड करायचा विचार सगळ्यांत आधी सुचतो. तो महाग आणि कूर्मगतीनं फळणारा उपाय आहे. खाली माणसं कामाला असतील तर अशक्यच. त्याआधी वाट हलवून पाहावी. गाळ्याच्या मध्यातून जाणारा रस्ता खांबांच्या ओळीवर नेला, तर पावलं तिथे पडतात जिथे मजला फारसा हलतच नाही. त्यासाठी फक्त टेबलं फिरवावी लागतात. काही इमारतींत ट्यून्ड मास डॅम्पर बसवतात, म्हणजे मजल्याच्याच वारंवारितेला लावलेलं स्प्रिंगवरचं वजन. ते चालतं, पण फर्निचर बदललं की पुन्हा जुळवावं लागतं. सर्वांत स्वस्त उपाय खालच्या मजल्यावर असतो: तक्रारीच्या गाळ्याखाली जमिनीपासून वरच्या स्लॅबपर्यंत पूर्ण उंचीची एक पार्टिशन भिंत, वर घट्ट भिडवलेली. ती डॅम्पिंगही वाढवते आणि थोडा टेकूही देते. अडचण एवढीच की खालचा मजला बहुधा दुसऱ्या कंपनीनं भाड्यानं घेतलेला असतो, आणि वरच्यांचे मॉनिटर स्थिर राहावेत म्हणून आपल्या ऑफिसच्या मधोमध भिंत घालायला त्यांना कसं तयार करायचं, हे कुठल्याच गाइडमध्ये दिलेलं नाही.